इअरबडची जाम बसलेली टिप: छत्रीला नाही, बुडाला हात घाला

प्रश्न: डाव्या इअरबडची सिलिकॉन टिप काढायला गेलो, तर छत्रीसारखा भाग फाटून हातात आला आणि आतलं रबराचं कडं नोझललाच चिकटून राहिलं. उजवी टिप शाबूत आहे, पण तीही जाम बसलीय. उजवी न फाडता कशी काढू? आणि डावीकडचं राहिलेलं जाळीला धक्का न लावता कसं काढायचं?

उत्तर:

आधी उजवी काढू. ती नीट निघाली की डावीकडे नक्की काय अडकलंय ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल, आणि तिथला अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. तोवर डाव्या बडला हत्यार लावू नका. टाचणीने टोकरायचा मोह होतो, मला ठाऊक आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या फाटक्या जाळ्यांपैकी बऱ्याच जाळ्या त्या मोहानेच फाटलेल्या असतात.

गिऱ्हाइकं या टिपला सरसकट 'रबर' म्हणतात आणि ते एकसंध असल्यासारखं ओढतात. पण त्यात दोन वेगळे भाग असतात. बाहेर दिसते ती पातळ छत्री, कानाला लागते ती. तिच्या आत एक जाडसर नळी असते. दोन्ही फक्त वरच्या टोकाला, म्हणजे कानात पुढे जाणाऱ्या टोकाला, जोडलेल्या असतात. खाली दोघी सुट्या. नळीची भिंत साधारण मिलिमीटरभर जाड असते, छत्री तिच्या निम्म्याने किंवा त्याहूनही पातळ. आता बडकडे बघा. नोझलच्या टोकाला, जाळीच्या भोवती, किंचित बाहेर आलेली कडा असते. आम्ही तिला ओठ म्हणतो. ओठाच्या खाली नोझलची मान जरा बारीक असते. टिप बसवताना नळी ताणून ओठावरून खाली उतरते आणि मानेला आवळून बसते. म्हणजे तुम्हाला जिंकायचंय ते छत्रीशी भांडून नाही, नळीचं बूड त्या ओठावरून परत वर चढवून.

छत्री धरून ओढलं की काय होतं? नळाला घट्ट बसलेला रबरी पाईप आठवा. तो पुढून धरून ओढला की पाईप लांबतो, लांबला की बारीक होतो, आणि बारीक झाला की नळाला आणखी आवळतो. जितका जोर, तितकी मिठी घट्ट. तोच पाईप मागून, नळाच्या बाजूने अंगठ्याने पुढे रेटला तर तो आखूड होऊन जरा फुगतो आणि सैल पडतो. ज्याने घरी कधी पाईप काढलाय त्याला हे हाताने माहीत असतं, फक्त इअरबड हातात आला की विसरायला होतं, कारण धरायला समोर छत्रीच दिसते. आणि जोराचा सगळा ताण येतो तो छत्री नि नळी जिथे जोडली आहे त्या घडीवर, जी टिपमधली सगळ्यात नाजूक जागा. सिलिकॉन ताणायला कितीही ताणलं जातं, पण त्याला एकदा बारीकसा छेद पडला की कापडासारखं टर्रकन पुढे फाटत जातं. तो छेद बहुतेक वेळा नखाने पडतो. तुमच्या डाव्या टिपचं हेच झालंय. फाटलेली छत्री जवळून बघा, आतल्या घडीपाशी कुठेतरी अर्धचंद्रासारखी नखाची खूण सापडण्याची शक्यता आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासा, कारण सगळ्या टिपा एकाच प्रकारे बसत नाहीत. टिपच्या आतल्या नळीचं बूड मऊ आहे की कडक? काही बडमध्ये टिपच्या बुडाला प्लॅस्टिकचं कडक कडं असतं आणि ते बडवर 'टक्' करून अडकतं. ॲपलच्या एअरपॉड्स प्रोची टिप अशी आहे. ती ढकलून, गुंडाळून निघत नाही. तिची छत्री उलटी करायची, आतून बुडाशी, कड्याच्या अगदी जवळ बोटांची पकड घ्यायची आणि न पिळता सरळ ओढायची. तिथे ओढणंच बरोबर, कारण ओढ मऊ भागावर न येता कड्यावर येते. तुम्ही लिहिलंय की रबराचं कडं राहिलं. तेव्हा तुमची टिप साधी, पूर्ण सिलिकॉनची आहे असं मी धरून चालते. तरी डावीकडे राहिलेल्या कड्याला अंगठ्याच्या मऊ बाजूने दाबून बघा. दबलं तर सिलिकॉन. अजिबात दबलं नाही, तर ते प्लॅस्टिकचं कडं आहे आणि खाली सांगितलेला दोऱ्याचा प्रकार तिथे करू नका.

आता उजवी. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. केसांना तेल लावलं असेल तर विशेषच, कारण तेलकट बोट निसटतं, आणि निसटलं की माणूस नकळत नख रोवतो. नखं वाढलेली असतील तर आधी कापून घ्या. खाली पांढरा रुमाल किंवा कागद अंथरा. नोझलच्या मुळाशी, म्हणजे जिथे नोझल बडच्या अंगातून निघतं तिथे, डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने बड पकडा. दांडीला किंवा वायरला धरू नका. बडचं कवच बहुधा दोन अर्धुकं चिकटवून केलेलं असतं. लांबून धरून ओढाताण केली की टिप राहते जागेवर आणि कवचाची शिवण उघडते.

मग उजव्या हाताने छत्री उलटी करा. पावसात वाऱ्याने छत्री उलटते तशीच, कडा कानाच्या दिशेने, पुढे. छत्री पातळ असते म्हणून ती सहज उलटते, आणि ती उलटली की आतली नळी आणि तिचं बूड पहिल्यांदा नीट दिसतं. हे एवढं केलं तरी अर्ध्याहून जास्त काम झालं, असं माझं मत आहे. ज्यांच्या टिपा फाटतात त्यातल्या बहुतेकांनी नळीचं बूड कधी पाहिलेलंच नसतं.

आता बूड ओढायचं नाही, ढकलायचं. अंगठ्याच्या पेराचा मऊ भाग बुडाच्या एका बाजूला टेकवा आणि नोझलच्या टोकाकडे रेटा, आकड्यात सांगायचं तर अर्धा मिलिमीटरही पुरे. मग बड थोडा फिरवा, पुढच्या पाव भागावर तेच करा. असं गोल फिरत जा. पहिल्या फेरीत काहीच हललं नाही असं वाटेल. खरं तर त्या फेरीत नळी आणि नोझल यांच्यामधली चिकट सुटत असते. घाम, कानातला मळ, त्वचेचं तेल यांचा एक पातळ थर तिथे साचून वाळलेला असतो, आणि बहुतेक 'जाम' टिपा रबराच्या आवळण्यापेक्षा या थरामुळेच जाम झालेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बूड एका बाजूने वर सरकल्यासारखं दिसेल. ती बाजू ओठावर चढू द्या, अंगठ्याने तिथेच धरून ठेवा, आणि समोरची बाजू दुसऱ्या बोटाने रेटा. एक बाजू ओठावरून सुटली की उरलेली टिप आपोआप वाकडी होऊन निघते. बाटलीचं बोंडलं काढताना एका बाजूने उचलतात, तसंच हे.

बोटं घसरत असतील तर जोर वाढवू नका, पकड वाढवा. पातळ रबरी हातमोजा असेल तर उत्तम. नसेल तर फुटक्या फुग्याचा एक तुकडा अंगठा आणि टिपच्या मध्ये ठेवा. मी आजही टेबलाच्या खणात दोन-तीन फुगे ठेवते. आणि कृपा करून दातांनी ओढू नका. हसू नका, महिन्याला एक तरी टिप दातांच्या खुणांसकट येते.

पिळण्याबद्दल लोक विचारतात. नोझल गोल असेल तर टिप इकडून तिकडे थोडी फिरवली की चिकट लवकर सुटते, हे खरं आहे. पण आधी समोरून नोझलचा आकार बघा. बऱ्याच वायरलेस बडचं नोझल लंबगोल असतं, आणि त्यावर टिप पिळली की तिचा एक कोपरा ओठाखाली आणखी अडकतो. शिवाय काही वायरवाल्या इअरफोनमध्ये धातूचं नोझल कवचात नुसतं चिकटवलेलं असतं. टिप फिरवता फिरवता ते अख्खं फिरलेलं मी पाहिलंय. टिपऐवजी नोझल फिरतंय असं किंचितही वाटलं तर तिथेच थांबा.

तीन-चार फेऱ्यांनंतरही बूड हललं नाही, तर बड मुठीत चार-पाच मिनिटं धरून बसा. उष्णतेने सिलिकॉन फारसं मऊ होत नाही, तो गैरसमज आहे, पण मधला मळ आणि तेल अंगाच्या ऊबेने नरम पडतं आणि आपल्याला तेवढंच हवंय. याच कारणासाठी केस वाळवायच्या ड्रायरचा उपयोग नाही. तो सिलिकॉनला काही करत नाही, पण जाळीचा गोंद सैल करतो, आणि वायरलेस बडमध्ये आत लिथियमची बॅटरी असते. तिला भाजण्यात काय अर्थ आहे?

त्यानेही भागलं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, 70 टक्क्यांचं पुरतं. कापसाची काडी त्यात बुडवून बाटलीच्या काठावर नीट पिळून घ्या. काडी ओली दिसायला हवी, पण दाबल्यावर थेंब पडायला नको. बड नोझल खाली करून धरा आणि नळीच्या बुडाभोवती ती काडी फिरवा. नोझल खाली अशासाठी की चुकून जास्त झालं तर ते जाळीतून आत न जाता बाहेर लोंबावं. बुडाजवळ कवचाला बारीक छिद्र असेल तर काडी तिथून लांब ठेवा, ते हवेचं किंवा माइकचं असतं. अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा पाव-पाव भाग रेटत जा. हाताला लावायचं सॅनिटायझर याला चालत नाही, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि ते मागे चिकटा ठेवतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन वगैरे तर अजिबात नको. टिप निघेलही, पण तेल सिलिकॉनमध्ये मुरतं, टिप हळूहळू फुगते, ढिली होते, आणि नोझलवर राहिलेल्या तेलामुळे पुढची टिप कानातच सुटून राहण्याचा धोका. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण कवचाचा रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं.

एक बारीक गोष्ट. टिप निघत असताना तिचं पुढचं भोक बोटाने बंद करू नका. भोक बंद असताना टिप झटक्यात सुटली तर आत पोकळी होऊन ओढ बसते, इंजेक्शनचा दट्ट्या मागे खेचल्यासारखी, आणि ती थेट बडच्या आतल्या, आवाज काढणाऱ्या पडद्यावर जाते. असा पडदा चुरगळला की आवाज एकदम बारीक होतो किंवा कुरकुर येते. म्हणून टिप बाजूने धरायची आणि शेवटचा टप्पा सावकाश.

उजवी निघाली असेल तर आता ती डावीकडच्या फाटक्या छत्रीशेजारी ठेवा. उजवीची नळी किती लांब आहे ते बघा. तेवढीच नळी डावीकडे नोझलवर असायला हवी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने, टॉर्च तिरका धरून, डाव्या नोझलचा फोटो काढून मोठा करून बघा. कडं पूर्ण गोल आहे का एका बाजूला चिरलंय? वरची कडा कुठे झिरझिरीत झालीय? हे पाहिल्याशिवाय हत्यार लावायचं नाही.

कडं काढायचा नियमही तोच, बुडाकडून ढकलायचं. फक्त आता धरायला छत्री नाही आणि टोकाची बाजू फाटकी आहे, म्हणून बोटाऐवजी दोरा वापरायचा. आधी पिळलेल्या अल्कोहोलच्या काडीने कड्याचं बूड भिजवून अर्धा मिनिट थांबा. मग लाकडी टूथपिक घ्या, तिचं अणकुचीदार टोक कापून टाका आणि काचपेपरवर किंवा नुसत्या जमिनीवर घासून चपटी पाचर करा. ती बुडाखाली, जाळीला समांतर, आडवी सरकवा. टोक कधीही जाळीकडे नको, ते नेहमी बाजूने बाहेर निघेल असं धरा, म्हणजे हात घसरला तरी टूथपिक हवेत जाईल. बूड किंचित उचललं की त्या फटीतून शिवणकामाचा पॉलिस्टरचा दोरा किंवा दातांचा फ्लॉस सरकवा. आता दोऱ्याची दोन टोकं धरून, करवतीसारखं हलकं इकडे-तिकडे करत, दोरा कड्याखालून पूर्ण गोल फिरवून आणा. चिकटलेला थर सुटल्याचं हाताला कळतं. आधी दोरा अडखळतो, मग एकदम गुळगुळीत जातो. मग दोन्ही टोकं नोझलच्या टोकाच्या दिशेने हळू ओढा, की दोरा बुडाला पुढे रेटेल. एका बाजूने थोडं, समोरच्या बाजूने थोडं. कडं ओठावर चढेल आणि अंगठीसारखं निघेल.

सुरुवात कुठून करायची हे महत्त्वाचं आहे. कडं एका बाजूला चिरलेलं असेल तर माणूस सहज तिथूनच उचकटायला जातो, कारण तिथे टोक हाताला लागतं. तसं केलं की चीर पुढे धावते आणि एका कड्याचे चार तुकडे होतात, त्यातला एखादा ओठाखाली राहतो. चिरीच्या बरोबर समोरच्या, शाबूत बाजूने सुरू करा.

दोऱ्यानेही जमलं नाही, तर मी ते आपणहून कापते. ठिकठिकाणी फाटण्यापेक्षा एका जागी सरळ कापलेलं बरं, कारण कापलेलं कडं एकाच पट्टीत निघतं. टूथपिकची ती चपटी पाचर कड्याखाली पूर्ण सरकवायची आणि त्या पाचरीवर, बरोबर मध्यावर, नव्या ब्लेडच्या कोपऱ्याने नळीच्या लांबीत एकच छेद द्यायचा. पाचर हा आपला विळीखालचा पाट. ब्लेड लाकडाला लागतं, नोझलला नाही. ब्लेड बुडाकडे जाईल असं चालवायचं, जाळीकडे नाही. पाचर आत जातच नसेल तर घरी कापू नका, दुकानात द्या.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगी आली होती, अभ्यासिकेत दिवसाचे आठ-नऊ तास बड कानात. तक्रार होती की डाव्या बाजूचा आवाज अर्धा झाला. टिप फाटल्याचं तिने सांगितलं नाही. मीच विचारलं, कारण उजवीची टिप जुनी, पिवळसर आणि डावीची कोरी होती. मग म्हणाली, हो, फाटली होती, पण सगळे तुकडे काढून नवी लावली. सुदैवाने तिने ते तुकडे कंपासपेटीत ठेवले होते. मी ते काळ्या कागदावर, फुटक्या पापडाचे तुकडे जुळवावेत तसे जुळवले. छत्री दोन तुकड्यांत, नळी तीन तुकड्यांत. नळीचा गोल जुळला, पण वरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी जागा रिकामी राहिली. म्हणजे एक तुकडा अजून कुठेतरी होता.

नोझल भिंगाखाली धरलं तर जाळी स्वच्छ दिसत होती. पारदर्शक सिलिकॉनचं हेच दुखणं आहे, जाळीवर ते दिसतच नाही. म्हणून टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरला आणि बड हळूहळू फिरवला. कोरडी जाळी बारीक साखरेसारखी चमचमते, प्रत्येक भोक वेगळं. एका बाजूला मात्र चमक सपाट, ओलसर होती. मी वाट बघितली, कापसाने टिपलं, तरी ती ओल वाळेना. वाळत नाही ती ओल म्हणजे सिलिकॉन. एक सालपट ओठाच्या आतल्या कडेत अडकून जाळीचा जवळपास निम्मा भाग झाकून बसलं होतं, आणि तिने वर नवी टिप लावल्यामुळे ते आणखी दाबलं गेलं होतं.

असं सालपट चिमट्याने थेट उचलायला जाऊ नये. चिमट्याचं टोक जाळीवर टेकतं आणि जाळी आत खचते. ती फक्त कडेने चिकटवलेली पातळ तार असते. मी बड उलटा, नोझल खाली करून धरला आणि लहान मुलांच्या मऊ, कोरड्या दातब्रशने जाळीच्या मध्यापासून कडेकडे, एकाच दिशेने, हलके हात मारले. पंधरा-वीस हातांनंतर सालपटाचं एक टोक कडेबाहेर आलं. ते टोक प्लॅस्टिकच्या चिमट्यात धरून जाळीला समांतर, आडवं ओढलं. वर नाही. निघालं ते काळ्या कागदावरच्या रिकाम्या जागेत बरोबर बसलं, आणि मगच मी बड फोनला जोडला. आवाज दोन्हीकडे सारखा. सगळं मिळून अर्धा तास गेला, त्यातली वीस मिनिटं नुसती बघण्यात.

तुम्हीही तेच करा. डावीचे सगळे तुकडे गडद कागदावर जुळवा आणि शेजारी उजवीची शाबूत टिप नमुना म्हणून ठेवा. गोल पूर्ण होत नसेल तर नवी टिप लावायची नाही. तोंडाने फुंकू नका, ओढूनही बघू नका. फुंकलं तर सालपट आणखी आत रुततं आणि श्वासातली वाफ जाळीवर बसते, ओढलं तर पुन्हा तो पडदा. सेलोटेपने टिपणंही नको, जाळी टेपला चिकटून येते. तुकडा जाळीतून आत गेल्याची शंका असेल, म्हणजे जाळीला भोक दिसत असेल किंवा बड हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल, तर पुढचं काम उघडून करायचं आहे, ते घरी नको.

आणि तुकडा कागदावरही नाही, नोझलवरही नाही, टिप मात्र फाटण्याआधी बरेच दिवस चिरलेली होती असं आता आठवत असेल, तर तो कानातही असू शकतो. तुमची टिप हातात फाटली म्हणता, म्हणून शक्यता कमी आहे. पण त्या कानाला दडा बसल्यासारखं वाटत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर काडी घालून शोधू नका. काडीने तो आत सरकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे दोन मिनिटांचं काम असतं.

सगळं निघाल्यावर नोझलची मान आणि ओठाखालची खाच पिळलेल्या अल्कोहोलच्या काडीने पुसून घ्या आणि दहा मिनिटं वाळू द्या. तिथे पिवळट-तपकिरी मळाचं वळं दिसेल. तेच तुमच्या टिपा धरून बसलं होतं. ते राहिलं तर नवी टिप महिन्याभरात पुन्हा तशीच जाम होईल. दर पंधरा दिवसांनी टिपा काढून कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून परत लावल्या, तर वरचा एवढा सगळा खटाटोप लागत नाही. धुतलेली उजवी टिप पुन्हा लावण्याआधी तिची घडी उजेडासमोर ताणून बघा. पांढरट रेघ दिसली तर तिथून ती फाटायला निघालेली आहे, ती बदला. टिप सिलिकॉनची असूनही बोटाला चिकट लागत असेल, तर तेल मुरलंय, तीही बदला. आणि धुऊनही चिकट राहणाऱ्या, नोझलवर डाग सोडणाऱ्या टिपा सहसा सिलिकॉनच्या नसतातच, स्वस्त रबरी प्लॅस्टिकच्या असतात.

नवी टिप घेताना जुन्या शाबूत टिपची नळी सोबत न्या, नुसतं 'मध्यम आकार' सांगू नका. मध्यम हा छत्रीचा आकार, तो कानासाठी. नळीचं भोक नोझलवर ठरतं, आणि लंबगोल नोझलला गोल भोकाची टिप लावली तर ती एक तर बसताना चिरते किंवा कानात राहते. बसवताना छत्री उलटी करूनच बसवा. बुडाची एक बाजू आधी ओठाखाली अडकवा, मग अंगठ्याने उरलेलं बूड गोल फिरत खाली दाबा. बूड चहूबाजूंनी कवचाला सारखं टेकलंय का ते बघा, छत्री सुलटी करा, आणि टिप बाजूने धरून हलकेच एकदा ओढा. जागची हलली नाही तर बसली. एका बाजूने वर आली तर बूड अजून ओठावरच आहे, ती काढून पुन्हा बसवा.